समता मॅडमनी दिलेले तीन

मानेसरच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे पाइप तयार होतात, आणि समता गजभियेची सही झाल्याशिवाय एकही खोका गेटबाहेर जात नाही. वय त्रेचाळीस, अंगकाठी जेमतेम, आवाज मात्र असा की प्रेस मशीनच्या धडधडाटातही शेवटच्या माणसापर्यंत पोचावा. क्वालिटीची मॅनेजर म्हणून तिला नऊ वर्षं झाली. ‘मॅडम, एक बार पास कर दो, ट्रक खडा है’ असं म्हणणारे आले, रुसले, वर तक्रार करून बघितली आणि शेवटी ट्रक उभा ठेवायला शिकले. मोजमाप चुकलं तर चुकलं, यापलीकडे तिच्याजवळ तत्त्वज्ञान नाही. एवढ्यावरच ती ताठ मानेनं जगत आली, आणि हा ताठपणा तिला शोभतोही.

पण एक खोड तिच्यात होती. आपण केलेलं काम आपण होऊन सांगायचं नाही. काम बोलतं, आपण कशाला बोलायचं? हे तिच्या घरातच मुरलेलं. वडील काशीनाथराव भंडाऱ्याहून दिल्लीला आले ते एका मंत्रालयात नोकरीला, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्वतःविषयी कधी चार शब्द कुणाला ऐकवले नाहीत. आपला मुलुख सोडून, आपल्या हिमतीवर इथवर आलो, आता गुण गाऊन मान मागायचा नाही, असा त्यांचा करारीपणा. समताला तो वारशानं मिळाला. आणि याच खोडीनं मार्चमध्ये उल्काचा घात केला.

उल्का नाईकवाडे ही तिच्या हाताखालची इंजिनिअर. जन्म दिल्लीचा, मराठी बोलते पण मधूनमधून हिंदीचा आधार घेत. आदल्या वर्षी गिऱ्हाइकाकडून अकरा तक्रारी आल्या होत्या. उल्का स्वतः फरिदाबादच्या पुरवठादाराकडे जाऊन बसू लागली. माल तिथून निघायच्या आधीच तपासायचा, बिघाड तिथेच धरायचा. वर्षभर डोळ्यांत तेल घालून तिनं हे केलं, आणि यंदा तक्रारी किती, तर एकही नाही.

फेब्रुवारीत तिनं स्वतःच्या कामाचा आढावा लिहून आणला. दोन पानं, आकड्यांसकट, तारखांसकट. समतानं चष्मा कपाळावर सरकवला.

“एवढं कशाला गं? चार ओळी लिही. सगळ्यांना माहीत आहे तू काय केलंस ते.”

“पक्का, मॅडम?”

“बिल्कुल. बडेजाव नको.”

उल्कानं मुकाट्यानं चार ओळी भरल्या.

आता या कारखान्यात गुण कसे पडतात ते सांगायला हवं. मॅनेजर आपल्या माणसाला पाचपैकी गुण सुचवतो, पण तो शेवटचा शब्द नसतो. क्वालिटी आणि मेंटेनन्समधले एकाच पायरीवरचे वीस इंजिनिअर एकत्र मोजायचे आणि त्यांची ठरलेल्या वाट्यानं वाटणी करायची: पाच गुण दोघांना, चार गुण चौघांना, तीन अकरा जणांना, दोन दोघांना आणि एक एकाला. विसातले वीस जण जीव ओतून राबले तरी एकाला एक मिळणारच. कागदावर ही वाटणी काढली की मधे फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी घंटा दिसते, म्हणून तिला बेल कर्व्ह म्हणतात. सगळ्या मॅनेजरांना एका खोलीत बसवून ही घंटा जुळवतात.

त्या खोलीत चार गुणांच्या चार जागांना पाच दावेदार निघाले. पाचवी उल्का. मेंटेनन्सवाल्यांनी त्यांच्या माणसासाठी स्क्रीनवर फोटो दाखवले: मोडलेली प्रेस, तीन दिवस तिथेच ठाण मांडून बसलेला इंजिनिअर, शेवटी गिऱ्हाइकाचं आभाराचं पत्र. बघणाऱ्याचे डोळे दिपले. मग प्लँट हेडनं विचारलं, “समताजी, आपके पास क्या है?”

समताजवळ काय होतं? चार ओळी होत्या. वर्षभरात एकही टिपण तिनं काढून ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, “काम अच्छा है, सबको पता है.” कुणालाच पता नव्हतं. जी आग लागलीच नाही तिचा फोटो कुठून आणणार? पाच मिनिटांत उल्का चारवरून तीनवर आली, प्लँट हेडची सही झाली आणि यादी बंद झाली.

घरी आल्यावर समता जेवली नाही. उल्काला आदल्या वर्षी चार होते. बढतीसाठी लागोपाठ दोन वर्षं चार लागतात. यंदाच्या तीननं ती साखळी तुटली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि हे तिला सांगायचं होतं समतानंच.

सांगायचं कसं, याचा कागद एचआरच्या अंशुमननं सगळ्या मॅनेजरांना धाडला होता. तीनला ‘सर्वसाधारण’ म्हणायचं नाही, ‘अपेक्षेप्रमाणे’ म्हणायचं. कर्व्हचं नाव काढायचं नाही. गुण आपणच दिलेत असं ठामपणे बोलायचं. आणि सुधारणेच्या दोन जागा दाखवायच्या. नसतील तर? तर शोधायच्या. ‘व्हिजिबिलिटी कमी पडते’ हे तर कुणालाही लागू पडतं.

काशीनाथरावांनी तो कागद चष्म्याखालून वाचला. मग कधी नव्हे ते बोलले. त्यांना सहा वर्षं गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळत होता. बढतीला ‘खूप चांगला’ लागायचा. वाईट शेरा असला तर कळवायचे. ‘चांगला’ कोण कळवणार? त्यामुळे आपण का मागे पडतो हे त्यांना उमगेच ना. आपलं इंग्रजी कच्चं असणार, असं धरून ते संध्याकाळी करोल बागेत इंग्रजीच्या क्लासला जात राहिले.

“चार वर्षं गेलो,” ते म्हणाले. “नंतर माहितीच्या अधिकारात कागद मागवले, तर इंग्रजीचा कुठे उल्लेखसुद्धा नाही. नसलेला दोष दुरुस्त करत बसलो होतो, बाई.”

समतानं त्या कागदाची घडी घातली. वडिलांचा तिला सदैव अभिमान. त्या दिवशी मात्र त्यांच्यासाठी रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिनं उल्काला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, “तुला तीन मिळालेत.”

उल्कानं विचारलं, “मॅडम, मी कुठे कमी पडले?”

“कुठेही नाही.”

“मग?”

“चार गुणांच्या चारच जागा होत्या, दावेदार पाच. बाकीच्यांची नावं आणि गुण मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. पण प्रत्येकाच्या मॅनेजरनं पुरावा आणला होता आणि मी नुसती बोलले. मी तुझ्यासाठी चार मागितले होते. माझ्याकडून ते टिकले नाहीत.”

“मी दोन पानं लिहिली होती,” उल्काचा आवाज चढला. “तुम्ही म्हणालात चार ओळी लिही!”

“हो. चूक माझी आहे.”

यापुढे ‘पण’ म्हणायचा मोह कुणाला झाला नसता? समतानं तो गिळला. उल्काचे डोळे भरले, आणि ते भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“दोन साल गए, यार... सॉरी, मॅडम.”

“सॉरी नको म्हणूस. चीड येणारच.”

“पुढच्या वर्षी?”

“चार देईन असं वचन देत नाही, ते एकट्या माझ्या हातात नाही. मात्र दर महिन्याला तुझं काम तारखेसकट लिहून ठेवीन. आणि आज या फॉर्ममध्ये खरं ते लिहीन. तुला आक्षेप नोंदवायचा असेल तर सात दिवस आहेत, जरूर नोंदव. गुण बदलतील असं मात्र मला वाटत नाही. तुला वर घ्यायचं तर कुणाला तरी खाली आणावं लागतं.”

उल्का उठून गेली. मग समतानं मॅनेजरच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: ‘ग्राहकांच्या तक्रारी अकरावरून शून्यावर. माझ्या विभागातलं या वर्षीचं सर्वांत चांगलं काम. मी चार सुचवले होते. अंतिम गुण वाटणीनुसार तीन. कामात उणीव नाही. पुरावे मांडण्यात माझी उणीव.’

तासाभरात अंशुमन धावत आला. “मॅडम, ये नहीं लिख सकते. कल को केस बन जाएगा.”

“इसमें झूठ क्या है?”

“झूठ नहीं है, लेकिन आपका अपना अप्रेजल भी बाकी है.”

“मालूम है,” समता म्हणाली आणि चहा मागवला, दोघांसाठी. अंशुमन बिचारा वाईट माणूस नव्हता. चहा प्यायला, मान हलवत निघून गेला. शेरा राहिला. समताच्या स्वतःच्या अहवालात पुढे ‘संस्थेच्या धोरणाशी सुसंगती’ या खान्यात दोन गुण पडले. तिनं ते वाचले आणि फाइल मिटली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच इतके कमी गुण मिळाले होते, आणि पहिल्यांदाच ते तिला कुणाला दाखवावेसे वाटले.

इकडे सात दिवसांच्या मुदतीतल्या सहाव्या दिवशी उल्कानं फॉर्ममधल्या ‘असहमत’वर खूण केली. खाली एकच ओळ: ‘गुण मान्य नाहीत, मॅनेजरांनी सांगितलेलं कारण खरं आहे.’ मग ती समताच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

“मॅडम, मी दुसरीकडे अर्ज केलाय. ते माझ्या मॅनेजरला फोन करून विचारतील. तुमचा नंबर दिलाय, चालेल?”

कुठल्याही मॅनेजरला बरं वाटावं अशी ही बातमी नव्हती. सर्वांत गुणी माणूस हातचं चाललं होतं. पण ही पोरगी स्वतःला कमी लेखून दुसरीकडे निघाली नव्हती. मान वर करून समोर उभी होती, हे समताला दिसत होतं, आणि तिचा ऊर भरून आला.

“चालेल,” ती म्हणाली.

फोन पुढच्या आठवड्यात आला. गुरुग्रामच्या कंपनीतले गृहस्थ पलीकडे बोलत होते. समतानं फरिदाबादच्या फेऱ्यांच्या तारखा सांगितल्या, तक्रारींचे महिनावार आकडे सांगितले, दोनदा परत पाठवलेल्या मालाची हकीकत सांगितली. या वेळी उल्काची ती दोन पानं तिनं समोर ठेवली होती. वीस मिनिटं ती बोलत होती. आयुष्यात एवढं कौतुक तिनं कुणाचंच, अगदी स्वतःचंही, तोंडानं केलं नव्हतं.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग जरा घुटमळत विचारलं, “मॅडम, अप्रेजल लेटर मेरे सामने है. इतनी अच्छी है, तो आपने तीन क्यों दिए?”

“तीन मुझे मिलने चाहिए थे,” समता म्हणाली. “लड़की ने तो चार का काम किया है.”