वगळलेल्या नावांच्या वीस चिठ्ठ्या

आमच्या तहसिलीत संगणक मतदार यादीतली दुबार नावं आपोआप वगळायचा आणि काही चुकलं असं कधीच सांगायचा नाही. मी, तिथला पदवीधर कारकून, दर खेपेला वगळलेल्या नावांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकून, न बघता वीस चिठ्ठ्या काढायचो आणि मूळ अर्जांशी ताडून पाहायचो.

तहसीलदार साहेब म्हणायचे, "काय पदवीधर, लॉटरी खेळून राहिला?"

एका चिठ्ठीवर तांड्यावरची म्हातारी निघाली. तिचं, नवऱ्याचं, गावाचं नाव दुसऱ्या एका बाईशी जुळत होतं, पण ती दुसरी पंचवीस वर्षांची होती. संगणकाचा नियम वय बघतच नव्हता! मी तांड्यावर जाऊन दोघींना भेटून आलो. मग साहेबांनीच सगळी वगळलेली नावं तपासायला लावली आणि बरीच परत आली.

मतदानादिवशी म्हातारीनं शाईचं बोट साहेबांपुढं नाचवलं, "बघा, मी हाय का न्हाई?"

साहेब म्हणाले, "व्हय बाई, हाय."