पाचवं साधन

विश्वासघात या विषयावर मी चाळीस वर्षं फार सुरेख बोलत आले. मैत्रिणीनं माझा वार्षिक पाठ कसा बुडवला, ही गोष्ट मी आधी नवऱ्याला सांगितली, मग सुनेला, मग नातींना. दर खेपेला मी जरा जास्त बिचारी होत गेले आणि ती जरा जास्त दुष्ट. परवा धाकट्या नातीनं मध्येच विचारलं, "आजी, पण ते लुगडं कोणाचं होतं?" मी तिला पाणी आणायला पाठवलं. म्हातारपणाचा तेवढाच फायदा.

तर आता नीट लिहिते.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. मी नागपुरात डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. दोन वेण्या, कडक इस्त्रीची साडी, आणि राज्यातल्या शिक्षणाचा उद्धार माझ्याच हातून व्हायचा आहे अशी ठाम समजूत. वार्षिक पाठ म्हणजे आमची खरी परीक्षा. अनोळखी वर्ग, बाहेरचे परीक्षक, पस्तीस मिनिटं. पाठाआधी टाचण लिहायचं: उद्दिष्टं, त्यांची स्पष्टीकरणं, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, साधनं, फलकलेखन, मूल्यमापन. वर्गात मागच्या बाकावर सोबतचे विद्यार्थी निरीक्षणवही घेऊन बसत आणि टाचणातलं काय झालं, काय राहिलं ते टिपत. त्यातून ज्या शाळेत पाठ होता तिथं जूनपासून एक जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, ज्याचा पाठ उठून दिसेल त्याचा विचार करू. मला ती जागा इतकी हवी होती की शाळेचं कपाट कुठल्या भिंतीला सरकवायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

माझ्या वाट्याला चौथीचा वर्ग आला. विषय, निरनिराळ्या धर्मांचे सण.

मैत्रीण उत्तर नागपुरातली. तिचे आईवडील छप्पन साली दीक्षा घेतलेले. तिचं अक्षर मोत्यांसारखं आणि डोकं माझ्यापेक्षा बरं, हे मी तेव्हा मनातसुद्धा कबूल केलं नव्हतं. आम्ही डबा वाटून खायचो, टाचणं एकत्र लिहायचो.

मी पहिला मसुदा तिला दाखवला. त्यात मी पोरांचे धर्माप्रमाणे गट पाडले होते. प्रत्येक गटानं आपला सण सांगायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सर्वधर्मसमभाव तयार.

ती वाचून हसली. "काहून वं, वर्गात भिंती बांधून राहिली का? पोरायले वेगवेगळं बसवशील अन् मंग म्हणशील, सारे एक आहेत."

"मग काय करू?"

"आपला सण सारेच सांगतात. शेजाऱ्याचा सांगाले लाव. ज्याचा सण असंल तो आयकंल, अन् चुकलं त सुधरवंल. तुही त गरजच नाही राहत मंग."

तिच्या म्हणण्याप्रमाणे मी सगळं टाचण फिरवलं. चौथं उद्दिष्ट आम्ही दोघींनी मिळून घातलं: विद्यार्थी वर्गमित्राच्या सणाविषयी आदराने ऐकतो व विचारतो. माझा मला एवढा अभिमान वाटला की घरी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, हे सांगायला शाळा लागते का.

पाच सण, पाच साधनं. दिवाळीची पणती, ईदच्या शिरखुर्म्याची वाटी, नाताळचा चांदणीचा कंदील, गुरुपुरबच्या लंगरची पोळी. पाचवं साधन मैत्रिणीनं सुचवलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जो दिवस असतो, त्या दिवसासाठी तिच्या आईचं पांढरं लुगडं.

ते मागायला आम्ही तिच्या घरी गेलो. छप्पन साली तिची आई कन्हानला राहत होती. दीक्षेच्या दिवसासाठी ती आणि शेजारणी तिथून पायी नागपुरात आल्या होत्या. अंगावर हेच लुगडं. त्यानंतर ते वर्षातून एकदाच पेटीबाहेर यायचं, त्याच दिवशी.

"कोणाले देलं नाही म्या आजपर्यंत," मावशी, म्हणजे तिची आई, म्हणाल्या. "लेकरायले दाखवजो. म्हणजो, असे पांढरे लोकच लोक होते, मैदान दिसत नव्हतं. अन् हात धुवून धरजो."

मी हात पुढे केले. त्यांनी ते आधी उलटसुलट करून पाहिले. मग लुगडं दिलं.

पाठाच्या आदल्या दिवशी मी टाचण आमच्या मार्गदर्शक सरांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर केला. "चांगलं आहे. हा पाचवा काढून टाक."

"का सर?"

"पाठ्यपुस्तकात बुद्धपौर्णिमा आहे, तेवढं एक वाक्य बोल. परीक्षक जुने आहेत. कशाला वाद? तुला ती जागा पाहिजे ना?"

हो, पाहिजे होती. मी घरी येऊन पाचव्या मुद्द्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवली. खळ चांगली शिजली होती, पट्टी सफाईनं बसली. मैत्रिणीला सांगायला हवं होतं. पण ती उत्तरेला, मी वाडीच्या रस्त्याला, आणि संध्याकाळच्या बसेसना गर्दी फार. हे कारण मी किती वर्षं वापरलं ते विचारू नका. सकाळी शाळेच्या फाटकात ती मला भेटलीच होती. "आणलं न?" तिनं विचारलं. मी पिशवी दाखवली.

वर्गात टेबल होतं ते शाईच्या डागांनी भरलेलं. त्यावर पणती, वाटी, कंदील मांडायचा तर बरं दिसेना. परीक्षक दाराशी आले होते. हाताशी स्वच्छ पांढरं कापड होतं.

मी ते अंथरलं.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा अर्धं मिनिटही लागलं नाही. उलट, मला स्वतःच्या प्रसंगावधानाचं कौतुक वाटलं.

पाठ रंगला, हे खोटं नाही. एक पोरगी म्हणाली, "ईदले शेजारच्या चाची वाटी भरून देतात, अन् आई वाटी रिकामी वापस नाही करत, साखर टाकते." लगेच दुसरा उठला, "आमच्याकडे साखर नाही आली कधी, चकल्या येतात." परीक्षक हसले. नाताळवर बोलताना एकानं सांगितलं की चर्चमध्ये चपला घालून जातात म्हणून त्याच्या आजीनं दारातूनच नमस्कार केला. मी फळ्यावर लिहीत होते, आणि मागच्या बाकावर मैत्रीण पाचव्या मुद्द्याची वाट पाहत होती. तिच्याजवळ तिनंच उतरवलेली टाचणाची पहिली प्रत होती, पट्टी नसलेली.

मी बुद्धपौर्णिमेचं एक वाक्य बोलले. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "बाई, आमचा दसरा वेगळा राहते. मी सांगू?"

"वेळ झाली, बाळ. बस."

चौथं उद्दिष्ट फळ्याशेजारच्या तक्त्यावर लटकत होतं. मोत्यासारख्या अक्षरात.

पाठ संपल्यावर परीक्षकांनी निरीक्षणवह्या मागवल्या. मैत्रिणीची वही चाळताना ते थांबले. तिनं एकच ओळ लिहिली होती: पाचवे साधन विषयासाठी वापरले नाही.

"हे पाचवं साधन कोणतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "तसं काही नाही सर, चारच आहेत." आणि पट्टीवर अंगठा ठेवला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठली, शांतपणे म्हणाली, "टेबलावर अंथरलं आहे, सर."

परीक्षकांनी टेबलाकडे पाहिलं. मग त्यांनी माझा अंगठा बाजूला करायला सांगितला आणि पट्टीची कड नखानं उचलली. शेरा आला: नियोजन व कृती यांत तफावत. ते जुने होते, हे मार्गदर्शक सरांचं म्हणणं बरोबर होतं. इतके जुने की टाचणात लिहिलं ते वर्गात झालंच पाहिजे, असं मानणारे.

जागा तिसऱ्याच एकीला मिळाली. तिनं गाईचे उपयोग शिकवले होते.

मी मैत्रिणीला व्हरांड्यात गाठलं. "तू माझा गळा कापला," मी म्हणाले. डोळ्यांत पाणीबिणी सगळं आणलं होतं. "एवढी ओळ लिहिली नसती तर काय बिघडलं असतं?"

ती वर्गात परत गेली, टेबलावरची पणती उचलली, वाटी उचलली. पणतीत मी शोभेला तेल घातलं होतं. खाली रुपयाएवढा डाग उमटला होता. ती लुगड्याची घडी घालू लागली, तर मीच ते ओढून घेतलं. "मी धुऊन देते," म्हणाले. अपमान झालेल्या माणसाचा तोरा होता तो.

घरी सोडा लावला, शिकेकाई लावली. डाग गेला नाही, उलट पसरून पिवळा झाला.

रविवारी लुगडं परत करायला गेले. मावशींनी घडी उलगडली, डागावरून बोट फिरवलं. "तेल हाय हे."

"दिव्याचं, मावशी."

"असू दे." मग लुगडं मांडीवर घेऊन पुढे सरकल्या. "मंग? लेकरायनं काय इचारलं?"

मैत्रीण चुलीपाशी पाठमोरी बसून चहा करत होती. मी तिच्या पाठीकडे पाहिलं. ती वळली नाही.

"खूप विचारलं," मी म्हणाले. आणि मग थांबताच येईना. किती लोक होते, पाय दुखले का, असं पोरं विचारत होती म्हणाले. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहून आमचा दसरा सांगू लागली आणि सगळा वर्ग ऐकत बसला, असंही म्हणाले. मी न घेतलेला पाठ मी त्या घरात इतका सुंदर घेतला की परीक्षक असते तर जागा मलाच मिळती.

मावशींचे डोळे भरले. "मंग डाग पडला त पडला," त्या म्हणाल्या. "कामी आलं लुगडं." पुढच्या दसऱ्याला त्या ते नेसून गेल्या असतील, आणि बायांना डाग दाखवून सांगितलं असेल, हा शाळेत पडला.

चहा आला. मैत्रिणीनं कप माझ्यापुढे ठेवला, हातात दिला नाही.

ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. मला वाटलं आता भांडेल, आणि मी तयार होते. गळा कापल्याचं वाक्य पुन्हा ओठांवर होतं. ती म्हणाली, "मायले मी काही सांगणार नाही. तिले लागंल." एवढंच.

मग समोरून बस येताना दिसली.

"या आता," ती म्हणाली. "तुमची बस आली."

दोन वर्षं ती मला 'काहून वं' म्हणत होती. मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणाला म्हणाली ते. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो.