कोऱ्या रकान्यांची टक्केवारी

बसस्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये नोकरीला असताना मी एक गाढवपणा केला आणि वर त्याबद्दल शाबासकीही घेतली. कॉम्प्युटरवर प्रत्येक बसची ठरलेली वेळ आणि खरोखर आल्याची वेळ शेजारीशेजारी असे. फरक दहा मिनिटांच्या आत असला, की बस वेळेवर. जी बस आलीच नाही, तिचा रकाना कोरा राही. मला मेलीला कोरं काही खपायचं नाही. त्या ओळी गाळून मी उरलेल्या बसची टक्केवारी काढायची. मंद्रूपकडची सकाळची बस रोजची, पण आठवड्यातून दोनदाच यायची; आली की मात्र वेळेवर. म्हणजे शंभर टक्के! केवढी हुशार मी!

त्याच कागदावर बोट ठेवून साहेबांनी तिकडून कॉलेजला येणाऱ्या मुलींचा जादा गाडीचा अर्ज फेटाळला. मग माझी ट्यूब पेटली. कोऱ्या ओळी धरून नवा कागद नेला, तर साहेब म्हणाले, "आता निकाल झालाय, बाई."

पुढे अर्ज आणणारी मुलगी स्टँडवर भेटली. गैरहजेरीपायी तिचं कॉलेज कायमचं बंद झालं होतं. मी सगळं सांगून माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या की, म्याडम. तुमच्या कागदावर तर मी रोज येळेवर पोचत हुते."