टेपची स्वतःची वाक्यं

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. मुलांचं बोलणं ऐकून ते कागदावर, म्हणजे आता पडद्यावर, उतरवणं हे तिचं काम. कानावर हेडफोन, हात कळफलकावर आणि उजव्या पायाखाली एक पेडल. पाय दाबला की आवाज पुढे जायचा, उचलला की दोन शब्द मागे येऊन थांबायचा. इतक्या वर्षांत त्या पायाला अशी सवय लागली होती की घरी कुणी भरभर बोलायला लागलं, तरी टाच आपोआप उचलली जायची. नवरा म्हणायचा, "झालं, हिनं मला मागे नेलं."

मावशी या इमारतीत पहिल्यांदा आली ती आईचा पदर धरून, बारा वर्षांची असताना. तेव्हा इथे लहान मुलांचं बोलणं कॅसेटवर घेत असत आणि तिच्या धाकट्या भावाला आई दर आठवड्याला घेऊन येई. भाऊ बोलायचा, पण दुसऱ्यांचंच. शेजारीण काल जे म्हणाली तेच, तिच्याच सुरात. मग चाळीतल्या सगळ्यांनी त्याचं नाव पाडलं टेप. "काय रे टेप, आज कोण वाजतंय?" डॉक्टरांनीही मान हलवली होती. पोपटपंची आहे, आत काही तयार होत नाही, म्हणाले. सातव्या वर्षी तो तापानं गेला. आई त्यानंतर त्याच्याबद्दल बोललीच नाही, आणि मावशीच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली: आपला भाऊ आपल्याशी एक शब्दही बोलला नाही. तो बोलला ते सगळं दुसऱ्यांचं, आपल्याला फक्त ऐकवलेलं.

पुढे नोकरी शोधताना तिनं हीच जागा निवडली, ते उगाच नव्हे. पण त्या कॅसेट कपाटात बंद होत्या. यंदा त्या संगणकावर उतरवायचं ठरलं आणि एका सकाळी तिच्या कानात कुणीतरी खाकरून, अगदी आईच्या आवाजात म्हणालं, "दार लावून घे गं."

पडद्यावर लिहिलं होतं: मूल अकरा. मावशीचा पाय पेडलवर तसाच राहिला.

हा आपला टेप आहे, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करायची असे. मुलानं मोठ्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं तर "अ", म्हणजे अनुकरण. स्वतः जुळवलं तर "स्व". मूल अकराच्या पानावर जुन्या काळच्या कुणीतरी वरपासून खालपर्यंत "अ" लावून टाकले होते. प्रमुख मॅडमचा निर्णयही आला होता: ज्या मुलाकडे सगळंच अनुकरण आहे, ते संग्रहातून वगळायचं. त्याच्या कॅसेट उतरवायच्याही नाहीत. फीत तशीही झडत चालली होती.

"ऑक्टोबरपर्यंत यादी द्या," मॅडम म्हणाल्या. "अकरा तर सरळच आहे, नाही का?"

मावशी म्हणाली, "एकदा नीट ऐकते."

शेजारच्या टेबलावर एक संशोधक बसे. त्याचा प्रबंध इतकी वर्षं चालला होता की सगळे त्याला आधीच डॉक्टर म्हणत आणि रोज विचारत, "डॉक्टर, झालं का बाळंतपण?" मावशीनं त्याला एक वाक्य दाखवलं, कुणाचं आहे ते न सांगता. *बाबांनी ओरडून ओरडून घर लहान केलं.*

डॉक्टरनं डोळे बारीक केले. "झकास आहे. पण बघा मावशी, 'ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं' असं सगळेच म्हणतात. अर्धं उचलून अर्धं चुकलं असं कुणीही म्हणेल."

"चुकलं की जुळवलं?"

"तोच तर प्रश्न आहे." त्याला कुणी विचारलं की फार बरं वाटे. खुर्ची ओढून तो जवळ आला. "मी एक वाक्य सांगतो. त्यानं पिशवी माळ्यावर झुबकली. पिशवी कुठे गेली?"

"माळ्यावर."

"झुबकणं म्हणजे काय?"

"तुम्हालाच ठाऊक."

"मलाही नाही! आत्ता बनवलं. मग पिशवी वर गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या शब्दानं तर नाही. वाक्याच्या साच्यानं सांगितलं. कुणीतरी, काहीतरी, कुठेतरी. एवढं एका ओळीत बसलं की आपल्याला कळतं, ह्यानं त्याला तिथे पोचवलं. अर्थ नुसता शब्दांत नसतो, अख्ख्या साच्यातही असतो. तुमची आई म्हणत असेल, घासून घासून पातेलं लख्ख केलं. तोही साचा. आधी काय केलं, मग त्यापायी कसं झालं. पोरांना साचा सापडला की ती त्यात स्वतःचे शब्द ओततात."

आई खरंच तसं म्हणायची. रडून रडून डोळे लाल केलेस. चोळून चोळून कॉलर पांढरी केली. आणि टेपनं त्याच साच्यात घर ठेवलं होतं. लहान झालेलं घर. मावशीला ते घर आठवलं. बाबांचा आवाज चढला की दोघं कपाटाच्या मागे बसत, तेव्हा खरोखर तेवढीच जागा उरायची.

दुसऱ्या दिवशी तिला पुढची कॅसेट मिळाली. आई कुणाशी तरी बोलत होती, खुर्ची सरकली आणि मग तो. संथ, स्वतःच्या सुरात. हा सूर तिला आठवत नव्हता.

*ताईनं भूत खिडकीबाहेर गायलं.*

तिनं टाच उचलली. आवाज मागे गेला. पुन्हा दाबलं. *ताईनं भूत खिडकीबाहेर गायलं.* पुन्हा उचलली. त्यापुढे ती जाऊच शकेना.

खिडकीच्या पडद्याची सावली भिंतीवर हलायची, ते भूत. आणि ती त्याला कुशीत घेऊन गायची, गाण्याचे बोल आता आठवत नाहीत, सावली हलायची थांबेपर्यंत.

डॉक्टरला तिनं वाक्य वाचून दाखवलं, तर तो उभाच राहिला. "असं कुठलाही मोठा माणूस म्हणणार नाही! आपल्या भाषेत ह्याला दोन क्रियापदं लागतात. गाऊन गाऊन हाकललं. शिंकून कागद उडवला म्हणतो आपण, कागद जमिनीवर शिंकला म्हणत नाही. काही भाषांत एकाच क्रियापदात भागतं, आपल्यात नाही. ह्या पोरानं फेकण्याचा साचा घेतला आणि त्यात गाणं बसवलं. मावशी, हे उसनं आणलेलं असूच शकत नाही." मग जरा थांबून, "हां, ती ताई जी कोण असेल ती. तिनंच खेळता खेळता त्याला शिकवलं असेल तर मात्र..."

हे त्यानं सहज म्हटलं. मावशीचं मात्र धाबं दणाणलं.

पुढचे कितीतरी दिवस ती आधीच्या कॅसेट ऐकत राहिली, भावाला ऐकायला नव्हे, स्वतःला ऐकायला. बारा वर्षांची एक कर्कश मुलगी तिच्या कानात बोलायला लागली. हट्टी, मध्येच तोंड घालणारी. मावशी चोर पकडायला बसावं तशी त्या मुलीवर पाळत ठेवून होती. ते भुताचं वाक्य नको म्हणूस, नको म्हणूस. एकदा ती पोरगी म्हणाली, "थांब रे, गाऊन गाऊन पळवून लावते त्याला." दोन क्रियापदं, मोठ्यांसारखी. मावशीनं सुस्कारा सोडला; म्हणजे तिनं शिकवलं नव्हतं.

पण ऐकता ऐकता दुसरंच काही हाती लागलं. टेप तिला पुन्हा पुन्हा म्हणायचा, "दार लावून घे गं," आणि ती मुलगी दर वेळी उठून दार लावायची. कडीचा आवाज स्पष्ट येई. मग तो रडायला लागे. आई बाहेर निघताना ते वाक्य म्हणायची. त्याच्याकडे ते अख्खं वाक्यच एका शब्दासारखं होतं, आणि त्याचा अर्थ होता बाहेर जाऊ या. तो बाहेर ने म्हणत होता आणि ती कडी घालत होती. त्या रात्रीपासून मावशी घरात कुठल्याही दाराला कडी लावेना. नवरा म्हणाला, "चोरांना पत्रिका पाठवायची आहे का?"

आणखी एक वाक्य सापडलं. *घड्याळानं मला शाळेत वाजलं.* वाजून वाजून शाळेत धाडलं, अशा अर्थानं; पुन्हा तोच साचा, दुसरंच क्रियापद. डॉक्टर म्हणाला, आता शंकेला जागा नाही, लावा "स्व".

तिचं बोट त्या खुणेवर गेलं आणि थांबलं. नात्यातल्या माणसानं खूण करायची नाही, हा इथला पहिला नियम. तिनं लावलेला "स्व" उद्या कुणाला कळला तर पुसला जाणार, आणि टेप पुन्हा पोपट ठरणार. सांगितलं, तर पेडल दुसऱ्याच्या पायाखाली. मग तो आवाज तिच्या कानात येणार नाही.

ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मूल अकरा माझा भाऊ आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मावशी, तुम्ही! तुम्ही दुसऱ्यांना नियम शिकवता."

"म्हणून तर आले. माझी खूण धरू नका. ज्याला काही ठाऊक नाही अशा कुणालातरी ऐकू द्या."

मॅडम रागावल्या, पण थोड्याच. फायली त्याच दुपारी वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे एक चष्मेवाली मुलगी होती. नवीन, फटकळ, आणि कुणाचीही भीड न ठेवणारी. मावशीला दुसरं मूल मिळालं, मूल चौदा. ते सतत बिस्किटं मागायचं.

वरून काही कळेना. जिन्यात चष्मेवाली दिसली की मावशी भिंतीला टेकून वाट देई आणि मान खाली घाली. विचारायचं नाही हेही नियमातच होतं.

अखेर खुणा जमा झाल्यावर मॅडमनीच बोलावलं. भूत, "स्व". घड्याळ, "स्व". लहान झालेलं घर मात्र चष्मेवालीनं "अ" ठरवलं होतं. घर डोक्यावर घेतलं, तेच कारण देऊन. मावशीला वाटलं भांडावं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. ही पोरगी कुणाची दयामाया करत नव्हती.

"अकरा राहणार संग्रहात," मॅडम म्हणाल्या.

बाहेर चष्मेवाली उभी होती. आता बोलायला हरकत नव्हती. "मावशी, तुम्ही उतरवलेलं मी नंतर पाहिलं. तुम्ही भुताच्या वाक्यापाशीच थांबलात. पुढचं लिहिलंच नाहीत?"

"पुढे होतं काही?"

"मग? ती मुलगी बोलते ना. फार हळू आहे, मी कितीदा ऐकलं. ती म्हणते, 'परत येईल ते.'" चष्मेवालीनं चष्मा सारखा केला. "आणि तो म्हणतो, 'मग परत गा.' तिथेही मी 'स्व' लावलाय. ते उत्तर होतं. तिनं काहीतरी म्हटलं, त्याला ते कळलं, त्यानं उत्तर दिलं. त्यात पोपट कुठे आला?"

मावशीनं विचारलं, "मग ती गायली?"

"काय माहीत. तिथे फीत संपते."

मावशी आठवू लागली. खोली आठवली, भिंतीवरची सावली आठवली, कुशीतलं त्याचं गरम डोकंही आठवलं. पुढचं काही केल्या आठवेना.