पोच कधी?

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळत होतो. गळीत हंगाम तोंडावर आला होता आणि उसाच्या रसाचा पंप बदलायचा होता. उशीर झाला असता तर तोडलेला ऊस गाड्यांतच वाळला असता.

तीन कंपन्यांचे लिफाफे सगळ्यांसमोर फोडले, दर मोठ्याने वाचले. पुण्याहून आलेल्या विक्रेत्याचा दर सर्वांत कमी निघाला. तो माझ्याकडे बघून हसला. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

आमच्याकडे दराला निम्मेच गुण असत, आणि दर म्हणजे कर आणि वाहतूक धरून माल आमच्या फाटकात पडेपर्यंतचा. बाकीचे गुण पोच म्हणजे माल कधी हाती पडणार ते, सुटे भाग आणि आधीच्या कामाचे. पोचेच्या रकान्यात या गृहस्थाने लिहिलं होतं, 'लवकरात लवकर'. तिथे मी शून्य टाकलं आणि बेरजेत तो मागे पडला.

निकाल ऐकताच तो टेबलावर वाकला. "साहेब, आणखी पाच टक्के सोडतो."

"लिफाफे फुटल्यावर दर बदलत नसतात."

"बरं, दहा सोडतो."

माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "पंप कोणत्या तारखेला पोचेल?"

तो चाचरला. "कंपनीला विचारून सांगतो."

साहेबांनी फाइल मिटली. दहा टक्के सोडताना मात्र त्याला कुणालाच विचारावं लागलं नव्हतं.