परसों निघालेला माल

मागच्या वर्षी पास झालेल्यांना शेवटची संधी, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. हुमनाबादकडच्या एका कारखान्यात सप्लाय चेन प्लॅनरच्या, म्हणजे कुठला माल कधी मागवायचा ते ठरवणाऱ्याच्या, हाताखाली प्रशिक्षणार्थी हवा होता, जागा एकच, आणि अर्ज संध्याकाळी पाचला बंद. पाच वाजल्यानंतर मी 'फ्रेशर' राहणार नव्हते आणि अनुभवी तर नव्हतेच. मग मी कोण, हे मला कुणी सांगितलं नसतं.

वर्षभरात मी किती अर्ज पाठवले ते मोजणं सोडून दिलं होतं. सगळ्यांना पत्र एकच. मी मेहनती आहे, मला आव्हानं आवडतात, आपल्या नामांकित संस्थेत मला संधी द्यावी. फक्त संस्थेचं नाव मी बदलायचे. उत्तर कुठूनच येत नव्हतं.

आमच्या गल्लीतली एक अक्का त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होती. माझ्याच कॉलेजची, चार वर्षांनी पुढची. अर्जाचा शेवटचा दिवस सुट्टीचा होता; दुपारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. तिनं पत्र वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणाचं पत्र हाय?"

"माझं."

"न्हाई. हे समद्यांचं हाय. तू मामाच्या मिलमध्ये सहा महिने काय केलंस, ते कामून लिहिलं न्हाईस?"

मिलमध्ये मी जे केलं होतं, ते लपवण्यासारखंच होतं.

चिटगुप्प्यात मामाची तुरीच्या डाळीची मिल आहे. छापील पिशव्या हैदराबादकडून यायच्या. किती पिशव्या उरल्या आणि नव्या कधी मागवायच्या, हे बघायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. एक्सेलमध्ये तक्ता केला. रोजचा खप, माल यायला लागणारे दिवस, वर थोडा राखीव साठा. कॉलेजात शिकलेलं सगळं त्यात होतं. एकदा पिशव्या कमी पडायला लागल्या तेव्हा मी पुरवठादाराला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "माल तो परसोंच निकल गया, बेटी."

मी तक्त्यात परवाची तारीख टाकली. वाटेत दोन दिवस, म्हणजे गाडी आज येणार. जन्मभर ही बोली ऐकलेली मी! आमच्याकडे परसों म्हणजे परवा असतो, तसाच मागचा आठवडाही असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण तक्त्यात तारखेचा रकाना होता आणि मला तो भरायचा होता. त्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी पिशव्या संपल्या आणि पॅकिंग थांबलं. बायका हात बांधून बसल्या. शेवटी पुरवठादाराकडून बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर मागून घेतला, तेव्हा कळलं की माल आठवड्यापूर्वीच निघाला होता आणि हुमनाबादला ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात आमची वाट बघत पडला होता. आम्ही न्यायला जायचं होतं.

हे ऐकून अक्का हसली. मग म्हणाली, "हेच लिही."

"हे लिहून कोण घेईल मला?"

"ते पत्र लिहून कुणी घेतलं व्हय?"

मी लिहायला बसले. सोप्या इंग्रजीत, जसं घडलं तसं. चूक माझी होती. त्यानंतर माल निघाला म्हटलं की मी तारीख आणि बिल्टी नंबर मागते, आणि नंबर येईपर्यंत तो माल वाटेत आहे असं धरत नाही. एक पानही भरलं नाही. पाचला दहा मिनिटं असताना अर्ज पाठवला आणि अक्काच्या पायरीवर डोकं धरून बसले. त्या क्षणी मला वाटलं, आपण स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांनी अक्का स्वतः घरी आली. तिचा चेहरा बघूनच समजलं.

"एक पोरगा घेतलाय. त्याला त्यांचं सॉफ्टवेअर येतं, कोर्स केलाय त्यानं," ती म्हणाली. "पण तुझं पत्र प्लॅनर साहेबानं आम्हा समद्यांना वाचून दाखवलं. म्हणाला, लई दिवसांनी खरं पत्र आलं. शेवटच्या दोघांत तू होतीस."

मी तिला चहा दिला. ती गेल्यावर दार लावलं आणि ओक्साबोक्शी रडले. वर्षभर नकार पचवले, कारण ते पत्र माझं नव्हतंच. या वेळी त्यांनी मला वाचलं होतं, मी त्यांना आवडले होते, आणि तरीही नको झाले होते.