फुगलेलं पाकीट

"धुतलास कशाला तू त्यो पनीर, आई? आता फोटोत काय दिसनार?"

"गो, घान कोनाला दाखवाची? परका मानूस बघनार ना त्यो फोटो."

बनूबाईचं हे असंच. दारात कोण आलं तर आधी अंगण झाडायचं, मग या म्हणायचं. पालेगावात आता अंगणं राहिली नाहीत, बनूबाईच्या घरच्या शेताच्या जागी टॉवर उभे आहेत. त्याच टॉवरांतल्या घरांना बनूबाई दुपारचे डबे देते. सकाळी फोनवरून मागवलेला पनीर दारात आला. दोन पाकिटं तिनं फोडली, नाकाला आंबूस वास भिडला, बोटांना बुळबुळ लागली. तिनं तुकडे नळाखाली चोळून धुतले, स्टीलच्या ताटात मांडले आणि मग सुनेला हाक मारली, "माधवी, काड फोटो."

फोटोवर तारीख-वेळ उमटली. पनीर मात्र लग्नाच्या पंगतीतला वाटावा इतका पांढरा.

माधवीनं तक्रार टाकली. पहिल्यांदा यंत्र बोललं, मग ऋता नावाची बाई चॅटवर आली. बाई गोड. लिहिते, फोटोत माल ठीक दिसतो मॅडम, अर्धे पैसे वॉलेटमध्ये देते. पूर्ण हवे तर माल परत घ्यायला उद्या माणूस येईल, तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

"फ्रिजमधी?" बनूबाई म्हणाली. "डब्यांच्या भाजीशेजारी यो नासका माल? तिला सांग, वास फोटोत येत नाय. येवाचा असता तर बाई खुर्चीवरून उठली असती."

"तसं लिवत नसतात, आई."

"मग कसं लिवतात तसं लिव. पन अर्धा नको. अर्धा नासलाय का त्यो?"

तिसरं पाकीट ओट्यावर तसंच होतं. न फोडलेलं. आलं तेव्हाही सपाट नव्हतंच ते, पण आता पाहिलं तर मेलेल्या बेडकाच्या पोटासारखं टरारलं होतं. माधवीनं पुसलं नाही, धुतलं नाही. समोरून एक फोटो, कडेनं फुगवटा दिसेल असा एक, बॅच नंबर आणि तारीख वाचता येईल असा एक. तिन्हींवर वेळ. सोबत माल दारात आल्याची वेळ दाखवणारं बिल. खाली लिहिलं: वापरायची मुदत बाकी आहे, तरी बंद पाकीट फुगलंय. पोचल्यापासून तासाभराच्या आत तक्रार केली आहे. नासलेला माल स्वयंपाकाच्या जागी ठेवता येत नाही, त्यामुळे परत देणार नाही. पूर्ण पैसे, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, हेच फोटो पाठवते.

ऋताबाईला एकदम सगळं कबूल. पूर्ण पैसे परत. माल परत देऊ नका, टाकून द्या. तक्रार बंद केली आहे.

"मिलाले ना?" माधवी हसली.

बनूबाई हसली नाही. "पाकिटावरचा नंबर बघल्यावर लय लवकर कबूल झाली गो ती."

काल दुपारपासून रात्रभर वीज नव्हती. बनूबाई पुठ्ठ्यानं वारा घालत पडून होती. या फोनवरच्या दुकानाचं गोदाम मागच्याच पत्र्याच्या शेडमध्ये, एरवी वीज गेली की तिथला जनरेटर झोपू देत नाही. काल तो आवाजच नव्हता. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. म्हणजे तिथले फ्रिजही रात्रभर बंदच.

"त्यो पनीर हाय का अजून फोनवर? बघ."

माधवीनं बघितलं. होता. आठ मिनिटांत घरपोच.

खिडकीखालून माल पोचवणाऱ्या पोरांच्या गाड्या टॉवरांत शिरत होत्या, प्रत्येकाच्या पाठीवर तीच चौकोनी पिशवी.

तेवढ्यात फोन वाजला. सातव्या मजल्यावरच्या कुमुदिनीताई. एकट्या, वय झालेल्या, बनूबाईच्या जुन्या गिऱ्हाईक. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बनूबाई, आज डबा नको गं. पहाटेपासून पोट धरून बसलेय."

"ताई, काल रात्री काय खाल्लंत?"

"काही विशेष नाही. पनीर मागवला होता. जरा आंबट लागला, पण म्हटलं फुकट कशाला घालवा."

"पाकीट हाय का?"

"कचऱ्यात असेल."

"टाकू नका. माधवी वर येते, तुमाला डॉक्टरकडं नेल. पाकीट पन घ्या सोबत."

माधवी चप्पल घालताना म्हणाली, "आई, आपली तक्रार तर बंद झाली."

"पैशाची बंद झाली. यो पाकिटावरचा नंबर नी ताईंच्या पाकिटावरचा एकच निघाला तर हेल्पलाइनला फोन लाव. ऋताबाईला इचारू नको."

माधवी गेली. बनूबाईनं फुगलेलं पाकीट दुहेरी पिशवीत बांधून मागच्या गॅलरीत, मांजराचं तोंड पोचणार नाही असं टांगलं. धुतलं नाही. हात साबणानं दोनदा धुतले. भिजलेली मटकी होती, आजच्या डब्यांत तीच जाणार होती. एका शेगडीवर ताईंसाठी तांदळाची पातळ पेज चढवली. खाली आणखी एक गाडी आत शिरली. तिनं खिडकी लावून घेतली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.